१२०० कॅलरीचा हिशेब कुठे चुकतो: ताटात नाही, तेलाच्या कॅनमध्ये बघा

प्रश्न: "वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ६९ किलो. तीन महिने मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये सगळं खाणं लिहितेय. रोज १२०० कॅलरीच्या वर जात नाही, सकाळी पाऊण तास टेकडीवर चालतेसुद्धा. थायरॉइड नॉर्मल आलं. तरी वजन जिथल्या तिथे. 'कमी खा, जास्त हाला' हे एवढं सोपं असेल तर माझ्याच बाबतीत का लागू होत नाही? माझं मेटाबॉलिझम बंद पडलंय का?"

उत्तर:

बंद पडलेलं नाही. आणि तुम्ही खोटं लिहिताय असंही मला वाटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते आधी आकड्यांत बघू.

तुमचं वय, उंची आणि वजन सूत्रात घातलं की दिवसभर नुसतं पडून राहण्याचा खर्च १३०० कॅलरीच्या आसपास येतो. ही सूत्रं पाश्चात्त्य लोकांवर बेतलेली आहेत आणि आपल्याकडे खर्च थोडा कमीच भरतो, म्हणून १२०० धरा. त्यात उठणं-बसणं, घरकाम, ऑफिस, चालणं आणि अन्न पचवण्याचा खर्च मिळवला की तुमचा दिवस साधारण १७५० कॅलरींवर जातो. खाणं खरोखर १२०० असतं तर रोज साडेपाचशेची तूट पडली असती. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. तीन महिन्यांची तूट पन्नास हजारांच्या घरात जाते. शरीर मध्येच थोडी काटकसर करतं हे धरूनही चार-पाच किलो उतरायलाच हवे होते. काटा शून्य दाखवतोय, म्हणजे दोनपैकी एक गोष्ट खरी आहे. एक तर तुमचा खर्च १२०० आहे, नाहीतर तुमचं खाणं १७५० आहे. चालत्याफिरत्या ६९ किलोच्या बाईचा दिवसभराचा एकूण खर्च १२०० असणं म्हणजे ती दिवसभर अंथरुणावर असणं. तेव्हा दुसरी शक्यता तपासू.

हे तपासण्याची एक चोख पद्धत आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी माणसाला प्यायला देतात आणि पुढचे एक-दोन आठवडे लघवी तपासतात. दोन्ही अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडले यावरून माणसाने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला, म्हणजेच किती ऊर्जा जाळली, ते कळतं. त्याला काही लिहावं लागत नाही, आठवावं लागत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा काही लठ्ठ व्यक्तींची तपासणी झाली, ज्यांचं म्हणणं अगदी तुमच्यासारखंच होतं: १२०० पेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही. त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेइतकाच निघाला. खाणं मात्र ते प्रत्यक्षाच्या जवळजवळ निम्मंच सांगत होते, आणि हालचाल दीडपट. ही माणसं लबाड नव्हती. पुढे याच पाण्याने अमेरिकेतल्या काही आहारतज्ज्ञांनाही तपासलं. ज्यांचा हा धंदाच आहे, त्यांच्याही नोंदीत रोज दोनशेच्या वर कॅलरी कमी निघाल्या. तुमच्या नोंदीत पाचशे सुटल्या तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता मूळ प्रश्न असा की या पाचशे जातात कुठे. पाश्चात्त्य लेखांत याचं उत्तर चिप्स, शीतपेयं आणि रात्रीचं आइस्क्रीम असं असतं. आपल्याकडे तसं क्वचितच निघतं. आपल्याकडचं लपलेलं खाणं चोरून खाल्लेलं नसतं, ते उघड्या डोळ्यांदेखत कढईत पडलेलं असतं. फोडणी एकदा भाजीत मिसळली की ताटात बघून तिचा अंदाज कोणालाच येत नाही, मलाही नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका घराचा हिशेब मांडते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पुण्यातलं चार माणसांचं घर, नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं. स्वयंपाकाला मावशी येतात. बाईंचं वजन आणि वय तुमच्याच आसपास, अ‍ॅपवर नोंद १२०० आणि वजन ढिम्म. मी त्यांना ताटाचे फोटो मागितले नाहीत. किराण्याची यादी मागितली.

यादीत महिन्याला पाच लिटरचा तेलाचा कॅन होता. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. तीस दिवस आणि चार माणसांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. मुलं आणि नवरा जास्त जेवतात, तळणाचं थोडं तेल शेवटी टाकून दिलं जातं, म्हणून बाईंच्या वाट्याला ३० ग्रॅम धरले, २७० कॅलरी. अ‍ॅपमध्ये मात्र त्या रोज 'तेल तीन चमचे' लिहीत होत्या, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. हे तीन चमचे त्यांना मावशींनी सांगितले होते, आणि मावशींच्या दृष्टीने ते खरंच होतं. फरक एवढाच की अ‍ॅपचा चमचा पाच मिलीचा होता आणि मसाल्याच्या डब्याशेजारच्या बुधलीत असलेली पळी एका वेळी दहा-बारा मिली उचलायची. एका नोंदीत दीडशे कॅलरी गेल्या.

पुढे पोळी. अ‍ॅपमध्ये 'चपाती १' म्हटलं की ७० कॅलरी पडत होत्या. सत्तर कॅलरी म्हणजे वीस-बावीस ग्रॅम कणकेचा पातळ, कोरडा फुलका. त्यांच्याकडे घडीची पोळी होते. त्यांना एकदा गोळ्यांचं वजन करायला सांगितलं. एकेक गोळा ५६-५७ ग्रॅमचा निघाला. त्यातलं पाणी वजा केलं तर कणीक ३५ ग्रॅम, म्हणजे एका पोळीत ११५ कॅलरी. घडीत लावलेलं तेल वेगळं, पण ते वर कॅनमध्ये मोजून झालंय, दुसऱ्यांदा धरायचं नाही. दिवसाला तीन पोळ्या म्हणजे नोंद २१० ची, प्रत्यक्षात ३४५. इथे १३५ सुटल्या.

चहाचं तर विचारूच नका. नोंद होती 'चहा ३ कप, १२० कॅलरी'. घरी फुल क्रीम दूध येतं. एका कपात साधारण ५५ मिली दूध आणि दीड चमचा साखर धरली तरी कपाला ७५-८० कॅलरी होतात, म्हणजे तीन कपांचे सव्वादोनशे ते दोनशे चाळीस. आणखी ११५ सुटल्या. पाहुणे आले, शेजारीण आली, की चौथा अर्धा कप होतोच, तो मी धरलेलाच नाही.

मग दाण्याचं कूट. भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत, चटणीत ते पडतं आणि नोंदीत कुठेच नसतं, कारण त्याला कोणी पदार्थ समजत नाही. त्यांच्याकडे महिन्याला दोन किलो दाणे लागायचे. चार माणसांत वाटले तर रोज माणशी १६-१७ ग्रॅम, म्हणजे नव्वदेक कॅलरी. दाणे वाईट नाहीत, प्रथिनं चांगली असतात. पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असलेली गोष्ट मुठीने टाकायची आणि नोंदीत 'काकडीची कोशिंबीर, ३० कॅलरी' लिहायचं, हे जुळणार कसं?

शेवटी शनिवार. शनिवारी उपास. अ‍ॅपमध्ये 'साबुदाणा खिचडी १ वाटी, २००'. घरच्या एका प्लेटमध्ये साबुदाणा ६० ग्रॅम, कूट पंचवीस ग्रॅम आणि तूप बारा ग्रॅम पडायचं. साबुदाण्याच्या २१०, कुटाच्या १३०-१४० आणि तुपाच्या शंभरच्या वर, म्हणजे प्लेट साडेचारशेला गेली. रविवारी संध्याकाळी सगळे मिळून बाहेर जेवायचे, त्याची नोंद बहुतेक वेळा राहूनच जायची. आठवड्याच्या शेवटाचं हे सगळं, वर मोजून झालेलं कूट वगळून, सात दिवसांत पसरवलं तरी रोजचे सत्तर-ऐंशी भरतात.

बेरीज केली तर साडेपाचशेच्या थोडी वर. इतकी जवळ जुळली हा थोडा योगायोग आहे. यातल्या प्रत्येक आकड्यात वीस-तीस टक्के मागेपुढे होऊ शकतं. चव बघताना तोंडात गेलेलं, मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, 'एवढंसं काय ठेवायचं' म्हणून संपवलेली आमटी हे तर मी मोजलेलंच नाही. पण दिशा स्पष्ट आहे. त्या बाईंनी एकही लाडू लपवून खाल्ला नव्हता.

ऊर्जेचा हिशेब तत्त्वाला सोपा आणि रोजच्या घरात अवघड होतो तो याच ठिकाणी, असं माझं मत आहे. वजन हलायला रोज तीनशेची तूट पुरते. आणि भरल्या घरात, एका कढईतून चौघांना वाढताना, मोजमापाची चूकही सहज तीनशे-चारशेची असते. जे पकडायचं आहे ते आणि पकडण्यातली चूक, दोन्ही एकाच मापाचं असेल तर नोंदवही कितीही प्रामाणिक असली तरी काही सांगत नाही. त्यातही गंमत म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होत नाही. जवळजवळ नेहमी कमी लिहिण्याकडेच होते, कारण विसरलेली गोष्ट शून्य धरली जाते.

खर्चाच्या बाजूलाही हेच. पाऊण तास टेकडीवर म्हणजे साडेतीन किलोमीटर धरू. सपाटीवर चालताना किलोमीटरला, दर किलो वजनामागे, बसून राहण्यापेक्षा साधारण अर्धी कॅलरी जास्त जाते. तुमच्या वजनाला हे १२० च्या आसपास येतं, चढ असला तर थोडं जास्त. मनगटावरचं घड्याळ बहुधा दोनशेच्या वर दाखवत असेल. त्याचं एक कारण असं की तुम्ही त्या वेळात नुसत्या बसून राहिला असतात तरी ज्या पन्नासेक कॅलरी गेल्याच असत्या, त्या ते बेरजेत धरतं. दुसरं म्हणजे ही घड्याळं ठोके बरे मोजतात, कॅलरी नाही. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सात घड्याळं तपासली, तेव्हा कॅलरीच्या बाबतीत सर्वांत बरं निघालेलंही सरासरी २७ टक्के चुकत होतं. तुमचं अ‍ॅप घड्याळाला जोडलेलं असेल आणि चालल्यावर 'आज आणखी २३० खाऊ शकता' असं सांगत असेल, तर ती सोय आजच बंद करा. टेकडीवरून उतरल्यावर ग्रुपबरोबर पोह्यांची प्लेट होत असेल तर चालण्याचा ऊर्जेपुरता हिशेब तिथेच मिटतो. चालणं सोडू नका. साखर, रक्तदाब, गुडघे, झोप या सगळ्यासाठी ते हवंच. त्याला वजनाच्या खात्यावर एवढं मोठं धरू नका, इतकंच.

आता काट्याबद्दल, कारण इथे बहुतेक जण फसतात आणि चांगलं चाललेलं सोडून देतात. रोज तीनशेची तूट म्हणजे दिवसाला चाळीसेक ग्रॅम चरबी. काटा मात्र एका दिवसात सहज किलोभर वर-खाली होतो. काल लोणचं-पापड जास्त झालं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, लग्नात भात जास्त खाल्ला, की शरीरात पाणी धरलं जातं. उलटंही होतं. खाणं कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो जातात ते बहुतेक पाणी असतं. स्नायूंतली साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्या सोबतचं, तिच्या तिप्पट वजनाचं पाणी बाहेर पडतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की 'डाएट चालेना' असं वाटतं, वास्तविक चरबी तेव्हाच उतरत असते. म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि त्या आकड्याकडे दुर्लक्ष करून फक्त लिहून ठेवा. रविवारी सात दिवसांची सरासरी काढा. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी नाही, चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून बघा. तुमची पाळी नियमित असेल तर चार आठवड्यांच्या तुलनेने तिचं पाणीही आपोआप वजा होतं. रोज वजन केल्याने मन खट्टू होत असेल तर आठवड्यातून तीनदा करा, पण एकदाच करू नका.

समजा हे सगळं जमलं आणि वजन उतरायला लागलं. तरी पुढे एक अडचण आहे, आणि ती शरीराची आहे. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मधुमेहाच्या एका गोळीतून मिळाला. कॅनाग्लिफ्लोझिन नावाच्या या औषधाने लघवीतून साखर बाहेर जाते, दिवसाला सुमारे ३६० कॅलरी. माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. ना डाएट, ना उपाशीपण. वर्षभर हे औषध घेणाऱ्यांचं वजन सरळ हिशेबाने बरंच उतरायला हवं होतं. ते सरासरी चारेक किलो उतरलं आणि थांबलं, औषध तितकीच साखर बाहेर टाकत असताना. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये याचं गणित मांडलं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र रोज शंभरेक कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरले तर शरीर रोज पाचशे जास्त मागतं. ही मागणी पोटात कावळे ओरडल्यासारखी येत नाही. वाढताना डाव थोडा भरून पडतो, दुसऱ्यांदा आमटी घेतली जाते, चार वाजता काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं, एवढंच. माणसाला वाटतं आपण पूर्वीसारखंच काटेकोर आहोत.

लोक ज्याला मेटाबॉलिझम बंद पडणं म्हणतात, त्यात खर्चाची घट हा लहान वाटा आहे आणि भुकेची वाढ हा मोठा. म्हणून सहा-आठ महिन्यांनी वजन थांबतं, आणि म्हणून पोट भरेल असं खाणं ठेवणं हे कॅलरी मोजण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ८०० कॅलरीचं डाएट कागदावर वेगाने चालतं. प्रत्यक्षात ते शरीराला भूक वाढवायचं कारण देतं.

आता तुम्ही काय करावं. पहिली गोष्ट, १२०० हा आकडा विसरा. तुम्ही आज १७५० च्या आसपास खात असाल तर १४५० वर या, तीनशेची तूट पुरे. दुसरी, अ‍ॅप एक महिना बाजूला ठेवा आणि ताटाऐवजी घर मोजा. तेलाच्या कॅनवर मार्करने उघडल्याची तारीख लिहा, संपल्याची लिहा. कणीक, साखर, दाणे, तूप यांचंही तसंच. महिन्याने किती लागलं त्याला माणसं आणि दिवस यांनी भागा. या आकड्यात ताटातल्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी चूक असते, कारण दुकानातून आलेली पिशवी विसरता येत नाही. चार-पाचशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. त्याचा सर्वांत चांगला उपयोग ताट मोजायला नाही. फोडणीच्या आधी तेलाची बुधली काट्यावर ठेवा, फोडणी झाली की परत ठेवा. जितके ग्रॅम कमी झाले त्याला नऊने गुणा, माणसांनी भागा. असं आठवडाभर केलंत की हाताला अंदाज बसतो, मग काटा कपाटात गेला तरी चालतो.

त्या घरात आम्ही चार गोष्टी बदलल्या. रविवारी ८०० मिली तेल वेगळ्या बाटलीत काढून ओट्यावर ठेवायचं, आठवडाभर तेवढंच. कॅन वरच्या फळीवर. महिन्याला पाचाचे साडेतीन लिटर झाले. मावशींना 'तेल कमी घाला' सांगून काही होत नाही हे आधी करून झालं होतं. भाजी चिकटली तर बोलणी त्यांनाच बसतात, मग त्या का कमी घालतील? बाटली दिल्यावर वाद संपला, आणि जाड बुडाची एक कढई घेतली तेव्हा तक्रारही संपली. दुसरं, गोळा ५७ ऐवजी ४२ ग्रॅमचा. पोळ्या तीनच राहिल्या, ताट रिकामं वाटलं नाही, पण प्रत्येक पोळीत तीसेक कॅलरी कमी झाल्या. तिसरं, चहाला टोन्ड दूध आणि साखर निम्मी, कप तीनच. चौथं, कूट अर्धं. बाईंच्या वाट्याला तेलातून ऐंशी, पोळीतून नव्वद, चहातून नव्वद, कुटातून चाळीस, मिळून तीनशे. त्यातून सुटलेली भूक भरायला दुपारच्या जेवणात उसळीची वाटी मोठी केली. थोड्या कॅलरी परत आल्या, पण चारच्या चिवड्याची मूठ गेली, तेव्हा तो व्यवहार फायद्याचाच पडला.

चार महिन्यांनी त्यांची साप्ताहिक सरासरी तीन किलोंच्या थोडी वर उतरली. सरळ भागाकाराने साडेचारच्या पुढे जायला हवी होती. मधला फरक म्हणजे दिवाळीचा फराळ, एक लग्न आणि वर सांगितलेली भूक. मला हा निकाल चांगला वाटतो. त्यांना सुरुवातीला तो कमी वाटला होता, कारण शेजारच्या बाईंचे महिन्यात सहा उतरले होते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते. एकट्याने राहणाऱ्या, मेसवर किंवा डब्यावर जेवणाऱ्या माणसाला कॅन मोजता येत नाही. त्याने भाजीवर तरंगणारा तवंग बाजूला काढणं आणि वाढून घेण्याचं प्रमाण ठरवणं यावरच भर द्यावा. घरात कोणी खूप जास्त आणि कोणी खूप कमी जेवत असेल तर नुसता भागाकार फसतो. सणाच्या महिन्यात तळणाचं तेल वेगळं धरावं लागतं. आणि ज्यांना पूर्वी खाण्यावरून अपराधी वाटण्याचा, उपाशी राहण्याचा किंवा उलट्या काढण्याचा त्रास झालाय, त्यांनी काट्याच्या आणि आकड्यांच्या वाटेला जाऊ नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

थायरॉइडबद्दल एवढंच की ते कमी असतं तरी त्याने वाढणारं वजन सहसा मोजक्याच किलोंचं असतं आणि त्यातही बरंच पाणी असतं. तुमचं नॉर्मल आहे, म्हणजे तो धागा सोडा. पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तुम्ही दुसरी काही औषधं घेता का? स्टिरॉइड, इन्सुलिन, नैराश्यावरची किंवा झटक्यांवरची काही औषधं भूक किंवा वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पर्याय असतो बऱ्याचदा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधीच त्यांना सांगा, नाहीतर डोस तोच आणि जेवण कमी, यात साखर एकदम खाली येते.

महिनाभर कॅन आणि वजनाची सरासरी दोन्ही लिहा. सरासरी हलली तर काही बदलू नका. हलली नाही आणि तेलाचा आकडा आधीच माणशी वीस-बावीस ग्रॅमवर असेल, तर पुढचा शोध स्वयंपाकघरात नाही, रविवारी संध्याकाळी आणि ऑफिसच्या डेस्कवर घ्यावा लागेल. तेव्हा सात दिवसांचं फक्त घराबाहेरचं खाणं लिहून पाठवा, प्रसादाचा पेढा आणि वाढदिवसाचा केकसुद्धा धरून.